किक मारतानाच जांघेत कळ का येते? आतल्या मांडीची दुखापत आणि मैदानावर परतण्याचे टप्पे

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम रंगात आला, पेठापेठांतले संघ शाहू स्टेडियमवर एकामागून एक उतरू लागले, की जवळजवळ प्रत्येक तालीम मंडळात जांघ धरून बाहेर बसलेला एखादा खेळाडू दिसतोच. त्याची तक्रारही ठरलेली असते. "चालताना काय बी दुखत नाही, पळताना पण नाही, फक्त किक हाणताना आतून कळ येतीया." आठ दिवस विश्रांती घेऊन तो सरावाला येतो, पहिली दहा मिनिटे बरी जातात, आणि मग एका लांब पासला पुन्हा तीच जागा चमकते. चालताना, पळताना न दुखणारी मांडी किक मारतानाच का दुखते, आणि विश्रांतीने वेदना थांबली तरी दुखापत परत का उलटते, हे दोन प्रश्न खेळाडूला आणि त्याच्या घरच्यांना सारखेच गोंधळात टाकतात. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि परतण्याचा सगळा आराखडा त्या उत्तरावरच उभा राहतो. म्हणून आधी ते समजून घेऊ.

## दुखते ते नेमके काय

मांडीच्या आतल्या बाजूला पाच स्नायूंचा एक गट असतो. ओटीपोटाच्या खाली, मध्यभागी हाताला लागणारे जघनाचे हाड आणि त्याच्या आसपासचा भाग येथून हे स्नायू निघतात. त्यांतले बहुतेक मांडीच्या हाडाला जाऊन मिळतात, तर एक गुडघ्याच्या खालपर्यंत पोहोचतो. बाहेर गेलेला पाय शरीराच्या मध्यरेषेकडे ओढणे हे या गटाचे मुख्य काम, म्हणून वैद्यकात त्यांना अ‍ॅडक्टर म्हणतात. या लेखात पुढे 'आतले स्नायू' एवढेच म्हणू.

या पाचांपैकी फुटबॉलपटूंमध्ये सर्वाधिक वेळा दुखावतो तो अ‍ॅडक्टर लाँगस. त्याची जागा स्वतःच्या हाताने सापडते. खाली बसून दोन्ही तळपाय एकमेकांना टेकवावेत, गुडघे बाहेर पडू द्यावेत आणि जांघेत बोटांनी चाचपावे. जघनाच्या हाडाकडून मांडीकडे येणारी, दोरीसारखी ताठ लागणारी जी कंडरा हाताला जाणवते, ती याच स्नायूची. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट भाग. दुखापत बहुधा या कंडरेच्या हाडाजवळच्या टोकाशी किंवा कंडरा जिथे स्नायूत मिसळते तिथे होते. काही वेळा मोजकेच तंतू दुखावतात, काही वेळा स्नायूचा काही भाग फाटतो, आणि क्वचित कंडरा हाडापासून पूर्ण सुटते. तिन्हींची वेदना पहिल्या दिवशी सारखीच भासू शकते, पण बरे होण्याचा काळ फार वेगळा असतो.

## चालताना नाही, मग किक मारतानाच का?

उजव्या पायाने लांब पास देणारा खेळाडू चेंडूकडे सरळ समोरून धावत जात नाही, थोडा तिरका येतो. डावा पाय चेंडूशेजारी रोवला जातो, उजवी मांडी मागे जाते आणि त्याच वेळी किंचित बाहेरही फेकली जाते. या क्षणी आतले स्नायू लांब ताणलेले असतात. पुढच्याच क्षणी, पाय मागून पुढे वळायच्या बेतात असताना, त्याच स्नायूंना सर्वाधिक जोर लावावा लागतो. मागे जाणारा पाय आधी थांबवायचा असतो, मग तो पुढे खेचायचा असतो. म्हणजे स्नायू ताणलाही जात असतो आणि त्याच वेळी ओढतही असतो.

विहिरीत भरलेली घागर सोडणाऱ्या माणसाचे हात आठवावेत. दोर हातांतून पुढे सरकत असतो, तरीही हात तो घट्ट आवरून धरत असतात, आणि घागर वर ओढताना जेवढे हात भरून येतात त्याहून जास्त ती अशी आवरत सोडताना भरून येतात. स्नायूचेही तसेच आहे. लांब होत असताना जोर लावणे हे त्याच्यासाठी सर्वांत जड काम असते, आणि कमजोर तंतू तिथेच तुटतात.

चालताना किंवा सरळ धावताना पाय बाहेर जात नाही, त्यामुळे आतल्या स्नायूंवर हा भार येत नाही. आठ दिवसांनी वेदना थांबलेली असते, कारण सूज उतरलेली असते आणि रोजच्या हालचाली त्या स्नायूकडून फारसे काही मागत नाहीत. फाटलेल्या जागी नवे तंतू तयार होऊ लागलेले असतात, पण ताणात जोर पेलण्याची त्यांची ताकद अजून आलेली नसते, आणि उरलेला स्नायूही विश्रांतीने थोडा ढिला पडलेला असतो. ही ताकद नुसते बसून येत नाही. ती थोडा थोडा भार देऊनच परत मिळवावी लागते. किकचा भार त्यात सर्वांत मोठा, म्हणून पूर्ण जोराची किक परतीच्या क्रमात शेवटी येते.

एक गोष्ट इथे जोडली पाहिजे. दुखापत केवळ किकमुळेच होते असे नाही. वेगात असताना अचानक दिशा बदलणे, किंवा हाताबाहेर चाललेला चेंडू अडवायला पाय लांब टाकणे, यांतही हीच रचना असते: पाय बाहेर, स्नायू ताणात, आणि त्याच वेळी जोर.

## दुखणे याच स्नायूचे आहे, हे कसे ओळखायचे?

जांघेत दुखायला बरीच कारणे असतात. २०१४ मध्ये दोहा येथे या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून खेळाडूंच्या जांघेतल्या वेदनेची वर्गवारी ठरवली, कारण तोवर एकाच दुखण्याला डॉक्टर वेगवेगळी नावे देत होते. त्या वर्गवारीचा सामान्य वाचकाला उपयोगी पडणारा भाग असा, की वेदनेचा उगम आतल्या स्नायूंत, खुब्यापुढच्या मांडी उचलणाऱ्या स्नायूत, हर्नियाच्या जागेजवळ, जघनाच्या हाडाच्या सांध्यात किंवा खुद्द खुब्याच्या सांध्यात असू शकतो, आणि एकाच खेळाडूत यांतली दोन कारणे एकत्रही असू शकतात.

आतल्या स्नायूंची दुखापत ओळखायची तर दोन खुणा एकत्र जुळाव्या लागतात. वर सांगितलेली कंडरा दाबली की खेळाडूला 'हीच ती जागा' असे वाटते, ही पहिली. आणि दोन्ही पाय एकमेकांकडे दाबताना त्याच जागी दुखते, ही दुसरी. या दाबण्याच्या चाचणीची पद्धत नीट समजून घ्यावी, कारण पुढे रोज तिचाच उपयोग होणार आहे. उताणे झोपून पाय सरळ ठेवावेत. समोरच्या माणसाने खेळाडूच्या दोन्ही घोट्यांच्या मध्ये आपला कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आडवा धरावा, आणि खेळाडूने तो पाच सेकंद शक्य तितक्या जोराने दाबावा. मग जांघेतली वेदना ० ते १० यांत किती, ते सांगावे. शून्य ते दोन असेल तर पुढे जायला हरकत नाही, तीन ते पाच असेल तर जपून, आणि सहा किंवा वर असेल तर त्या दिवशी मैदान बंद.

कंडरेवर दाबून काहीच दुखत नसेल, पण मांडी छातीकडे आणून आत वळवली की खोलवर दुखत असेल, तर खुबा तपासून घ्यावा लागतो. खोकताना किंवा पोटाचे व्यायाम करताना वेदना येत असेल अथवा फुगीर गाठ दिसत असेल, तर हर्नियाचा विचार करावा लागतो.

काही लक्षणांत वाट पाहूच नये. दुखापतीच्या क्षणी 'टक्' असा आवाज किंवा काही तुटल्याची जाणीव, पुढच्या एक-दोन दिवसांत मांडीच्या आत पसरलेला मोठा काळानिळा डाग, आणि कंडरेच्या जागी हाताला लागणारा खड्डा, ही पूर्ण तुटल्याची चिन्हे असू शकतात. दहा ते सोळा वर्षांचा मुलगा लंगडत असेल आणि जांघ किंवा गुडघा दुखतो म्हणत असेल, तर ती साधी लचक समजून मालिश करणे धोक्याचे आहे, कारण त्या वयात खुब्याजवळ वाढणाऱ्या हाडाचा भाग सरकू शकतो, आणि ते एक्स-रेमध्ये दिसते. अंडकोषात अचानक तीव्र वेदना होऊन ती जांघेत जात असेल, तर काही तासांचाच अवधी हाताशी असतो. रात्र असली तरी सीपीआरसारख्या रुग्णालयाच्या अपघात विभागात त्याच वेळी जावे. ताप, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, किंवा पायावर भारच देता न येणे, यांतही आधी डॉक्टर, मग बाकीचे.

## एका खेळाडूचे उदाहरण

समजा, २२ वर्षांचा, उजव्या पायाने खेळणारा मधल्या फळीतला खेळाडू आहे. सामन्याच्या उत्तरार्धात डाव्या बाजूला लांब पास देताना त्याच्या उजव्या जांघेत चमक येते. तो लंगडत बाहेर येतो. आवाज आलेला नाही, खड्डा नाही, दुसऱ्या दिवशी डाग नाही. कंडरा दाबली की दुखते, आणि पाय सरळ ठेवून दाबण्याच्या चाचणीत वेदना सहा. हे बहुधा काही तंतूंचे किंवा अर्धवट फाटणे आहे. अशा दुखापतीत नीट व्यायाम केल्यास पूर्ण सरावात परतायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. कंडरा हाडापासून पूर्ण सुटली असेल, तर हाच काळ दोन ते तीन महिन्यांवर जातो. पुढे दिलेले दिवस आणि आकडे एक चौकट म्हणून घ्यावेत. प्रत्यक्ष भार खेळाडूला तपासणारा फिजिओथेरपिस्ट कमी-जास्त करील.

पहिले दोन दिवस त्याने जांघ आणि मांडीला क्रेप बँडेज गुंडाळावे किंवा घट्ट शॉर्ट घालावी, वेदनेसाठी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा, आणि दुखणार नाही एवढे चालत राहावे. या दोन दिवसांत गरम शेक नको, चोळणे नको, आणि जांघ ताणून बघणेही नको. ताज्या फाटलेल्या जागी रक्त साकळत असते. शेकल्याने आणि रगडल्याने ते वाढते.

तिसऱ्या दिवशी चाचणीत वेदना चारवर आली, तर व्यायाम सुरू करता येतो. उताणे झोपून, गुडघे वाकवून, दोन्ही गुडघ्यांमध्ये फुटबॉल धरावा आणि दहा सेकंद दाबून सोडावा. असे दहा वेळा, दिवसातून दोनदा. जोर एवढाच, की वेदना दहापैकी दोनच्या वर जाणार नाही. यात स्नायू काम करतो, पण त्याची लांबी बदलत नाही, म्हणून ही सुरुवात सुरक्षित असते. दोन-तीन दिवसांत हाच दाब पाय सरळ ठेवून, घोट्यांमध्ये चेंडू धरून द्यावा. पाय जितका लांब तितका जांघेवरचा भार जास्त, म्हणून हा बदल लहान वाटला तरी मोठा असतो.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून हालचालीचे व्यायाम. खिडकीच्या गजाला किंवा जड टेबलाच्या पायाला रबरी पट्टा बांधून, त्याचे दुसरे टोक घोट्याला अडकवावे, आणि बाहेर गेलेला पाय हळूहळू मध्यरेषेच्या आत आणावा. आत आणायला एक सेकंद, परत बाहेर सोडायला तीन सेकंद. सोडण्याचा हा संथ भाग घाईत उरकणारे खेळाडू पुष्कळ असतात, पण किकच्या वेळी जो भार येतो त्याची तयारी नेमकी तिथेच होते. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, दोन्ही पायांनी. याच काळात सायकल, मग सरळ रेषेत हलके धावणे सुरू करावे. आठव्या दिवसाच्या सुमारास सरळ ठेवलेल्या पायांची चाचणी दोन किंवा खाली आली, की धावण्याचा वेग वाढवावा, आणि आधी मोठ्या वळणाने, मग तीव्र कोनात दिशा बदलायला लागावे.

## कोपनहेगन व्यायाम

दहाव्या दिवसाच्या आसपास जो व्यायाम येतो तो ताकदीचा खरा कस पाहतो. त्याला कोपनहेगन व्यायाम म्हणतात. खेळाडूने कुशीवर होऊन खालचा कोपर जमिनीवर टेकवावा. साथीदाराने शेजारी उभे राहून त्याचा वरचा पाय गुडघ्यापाशी आणि घोट्यापाशी धरून आपल्या कमरेच्या उंचीवर ठेवावा. आता खेळाडूने वरच्या पायाच्या जोरावर कंबर उचलावी आणि मोकळा असलेला खालचा पाय वरच्या पायापर्यंत न्यावा, मग तीन सेकंद घेत हळूच खाली यावे. काम वरच्या पायाच्या आतल्या स्नायूंना पडते. सुरुवातीला साथीदाराने फक्त गुडघ्याखाली आधार द्यावा, किंवा गुडघा बाकावर टेकवावा, म्हणजे भार निम्म्यासारखा होतो. पाच-सहा वेळांपासून सुरू करून, दोन आठवड्यांत दहा वेळांपर्यंत जावे. पहिल्यांदा करणाऱ्याची आतली मांडी दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी भरून येते. ती स्नायूभर पसरलेली बोथट वेदना दोन दिवसांत जाते. कंडरेच्या टोकाशी, एका बोटाने दाखवता येईल अशी तीक्ष्ण वेदना आली, तर मात्र एक पायरी मागे जावे.

## किकची चढती पायरी

परतीच्या आराखड्यात सर्वांत जास्त चुका होतात त्या इथे. खेळाडू सरावाच्या शेवटी पाच शॉट मारून बघतो, दुखत नाही म्हणून बरा झालो असे समजतो, आणि दुसऱ्या दिवशी सरावात पन्नास-साठ किक मारून बसतो. किकचा भार जोर, अंतर आणि संख्या या तिन्हींनी वाढतो. तिन्ही एकदम वाढवायचे नाहीत, आणि दोन किक-सत्रांमध्ये एक दिवस मोकळा ठेवायचा.

आपल्या खेळाडूसाठी पहिले सत्र असे: ठेवलेला चेंडू, दहा मीटर अंतर, पायाच्या आतल्या बाजूने हलके पास, एकूण तीस. पायाच्या आतल्या बाजूचा पास सोपा वाटतो, पण त्यात पाय बाहेरून आत ओढला जातो, म्हणून तोही आतल्या स्नायूंचेच काम आहे. तो जोरात मारायचा नाही. दुसरे सत्र: वीस मीटर, बुटाच्या लेसच्या भागाने, निम्म्या जोराने, पुन्हा तीस. तिसरे सत्र: घरंगळत येणारा चेंडू, तेवढेच अंतर, तीन-चतुर्थांश जोर. चौथे सत्र: पस्तीस-चाळीस मीटरचे लांब पास, पण फक्त दहा-पंधरा, आणि बाकीचे जवळचे. पाचवे सत्र: पूर्ण जोराचे शॉट, कॉर्नर आणि क्रॉस, आणि तेही धावण्याचा सराव संपल्यानंतर, थकलेल्या पायांनी. सामन्यात दुखापत पुष्कळदा थकव्यातच होते, त्यामुळे ताज्या पायांनी मारलेल्या दहा शॉटवरून फारसे काही कळत नाही. दर सत्रात डाव्या पायानेही किक माराव्यात, कारण त्या वेळी रोवलेल्या उजव्या पायाला शरीर तोलून धरावे लागते आणि त्याचे आतले स्नायू तिथेही राबतात.

किक मारताना काय वाटले एवढ्यावर निर्णय घेऊ नये. गरम झालेला स्नायू बरेच लपवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पाय सरळ ठेवून दाबण्याची चाचणी करावी, आणि वेदना दोन किंवा कमी असेल तरच पुढचे सत्र घ्यावे. आदल्या रात्री वेदनाशामक गोळी घेतली असेल, तर त्या सकाळच्या आकड्यावर विसंबता येत नाही.

आता समजा, तेराव्या दिवशी, दुसरे सत्र नीट पार पडल्यावर, मित्रांच्या आग्रहाने आपला खेळाडू गांधी मैदानावर एका सामन्यात उतरला आणि दोन जोरदार शॉट मारले. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणीत वेदना चार. घाबरायचे कारण नाही, पण पुढे रेटायचेही नाही. दोन दिवस किक बंद ठेवावी. रबरी पट्ट्याचा आणि चेंडू दाबण्याचा व्यायाम चालू ठेवावा. चाचणी दोनवर आली, की पहिल्या सत्रापासून पुन्हा सुरुवात करावी. अशा वेळी चार-पाच दिवस वाढतात. हाच इशारा दुर्लक्षून खेळत राहिले, तर तो आकडा सहावर आणि काम पहिल्या दिवसावर जाते.

पाचवे सत्र झाल्यावर दुसऱ्या सकाळी चाचणी शून्य-एक आली, कंडरा दाबून दुखत नसली, कोपनहेगन दोन्ही बाजूंनी सारख्या ताकदीने दहा वेळा करता आला, आणि पूर्ण वेगात धावून तीव्र वळण घेताना खेळाडूचे पाऊल अडखळले नाही, तर संघाचा सराव सुरू करता येतो. आधी धक्काबुक्की नसलेला, मग पूर्ण. दोन पूर्ण सराव निर्धास्त झाले, की सामना. पहिल्या सामन्यात अर्धा तास, पुढच्यात त्याहून जास्त. या खेळाडूला मधल्या घसरणीसकट सामन्यापर्यंत यायला चार आठवड्यांच्या आसपास लागतील.

## 'मालिश केली, शेक दिला, तरी चालत नाही का?'

मालिश वेदनेला आराम देते, यात वाद नाही. दुखापतीचे पहिले दिवस उलटल्यावर हलकी मालिश करायला हरकतही नाही. पण ती ताकद देत नाही. या प्रश्नावर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डेन्मार्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आतल्या स्नायूंचे जुने दुखणे असलेल्या ६८ खेळाडूंचे दोन गट केले गेले. एका गटाला मालिश, ताणाचे व्यायाम आणि यंत्रांचे उपचार मिळाले, दुसऱ्याला आतल्या स्नायूंची आणि पोटाची ताकद वाढवणारे व्यायाम. वेदनेशिवाय पूर्वीच्या पातळीवर खेळायला परतलेले खेळाडू पहिल्या गटात चार होते, दुसऱ्या गटात तेवीस.

## 'जांघ आखडली आहे, ताणून मोकळी का करू नये?'

दुखावलेला स्नायू आखडल्यासारखा वाटतो, म्हणून पाय फाकून ताणायचा मोह होतो. पण ती ताठरता बहुधा स्वतःला जपणाऱ्या स्नायूची असते, आणि ताणण्याचा सगळा जोर फाटलेल्या टोकावरच येतो. वेदना उतरली आणि ताकद परतली, की आखडलेपणाही बराचसा आपोआप जातो. त्यानंतर न दुखणारा हलका ताण देता येतो.

## 'इंजेक्शन घेऊन अंतिम सामना तरी खेळू द्या'

हा हट्ट समजण्यासारखा आहे. पेठेचा मान त्या एका सामन्यावर असतो, वर्षभराची मेहनत असते. पण बधिर करणारे इंजेक्शन स्नायू बरा करत नाही. ते फक्त वेदना बंद करते, आणि अर्धवट फाटलेल्या स्नायूला भार वाढला हे सांगण्याचे वेदनेवाचून दुसरे साधन नसते. वेदना बंद असताना मारलेल्या पूर्ण जोराच्या किकने अर्धवट फाटलेली जागा पूर्ण फाटू शकते. तीन आठवड्यांचे दुखणे तीन महिन्यांवर जायचे असेल, तर ते बहुधा अशाच वाटेने जाते. संघाच्या कर्णधाराने आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हा निर्णय खेळाडूच्या गळ्यात टाकू नये, कारण त्या दिवशी तो स्वतः नाही म्हणू शकत नाही.

## 'एमआरआय केलाच पाहिजे का?'

बहुतेकांना नाही. हाताने तपासून आणि दाबण्याच्या चाचणीवरून निदान बरेचसे पक्के होते. पूर्ण तुटल्याची चिन्हे असतील, खेळाडू वाढीच्या वयाचा असेल, किंवा तीन आठवडे नीट व्यायाम करूनही आकडा उतरत नसेल, तर एमआरआय उपयोगी पडतो. एमआरआयमध्ये जुने फेरफार दिसतात, आणि ते न दुखणाऱ्या फुटबॉलपटूंतही दिसतात, त्यामुळे अहवालातले शब्द तपासणीशी जुळतात का, हे डॉक्टरांकडूनच समजून घ्यावे.

## 'माझे तर तीन महिन्यांपासून दुखते आहे'

मग ही वेगळी स्थिती आहे, आणि वर दिलेल्या दिवसांचा हिशेब तिला लागू होत नाही. जुन्या दुखण्याला व्यायामाचे आठ ते बारा आठवडे धरावे लागतात. १९९९ च्या अभ्यासातही उपचाराचा काळ एवढाच होता. क्रम तोच असतो: आधी लांबी न बदलता दाबणे, मग हालचाल, मग कोपनहेगन, मग किक. फरक एवढाच की प्रत्येक पायरीवर दिवसांऐवजी आठवडे जातात. अशा खेळाडूला सराव पूर्ण बंद करण्याची गरज बहुधा पडत नाही. वॉर्मअप, सरळ धावणे, जवळचे पास चालू ठेवून लांब किक आणि शॉट तेवढे काढून टाकले, तरी दुखण्याला मोकळीक मिळते. खुबा आणि हर्निया मात्र एकदा तपासून घ्यावेत, कारण लांबलेल्या दुखण्यात दुसरे कारण मिसळलेले असण्याची शक्यता जास्त असते.

## परतल्यावर काय सुरू ठेवायचे

एकदा दुखावलेली जांघ पुन्हा दुखावण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून कोपनहेगन व्यायाम सोडायचा नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका अभ्यासात पस्तीस अर्ध-व्यावसायिक फुटबॉल संघांपैकी काहींनी हंगामाआधी आठवड्यातून तीनदा आणि हंगामात आठवड्यातून एकदा हा एवढाच व्यायाम केला. व्यायाम न करणाऱ्या संघांपेक्षा त्यांच्यात जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. साहित्य काही लागत नाही. सोबत एक साथीदार आणि वॉर्मअपमधली काही मिनिटे पुरतात, त्यामुळे कोणत्याही तालीम मंडळाला तो उद्यापासून करता येईल.

कोल्हापूरच्या हंगामात एक अडचण येते ती वेळापत्रकाची. लीग आणि पाठोपाठच्या स्पर्धा यांत सामने कधी जवळजवळ येतात. कोपनहेगनमुळे मांडी भरून येते आणि ते एक-दोन दिवस टिकते, त्यामुळे सामन्याच्या आदल्या दिवशी तो करू नये. रविवारी सामना असेल, तर मंगळवार किंवा बुधवार हा त्याचा दिवस. आठवड्यात दोन सामने असतील, तर पहिल्या सामन्यानंतर त्याच संध्याकाळी, दोन्ही बाजूंनी एकेक फेरी, नेहमीच्या निम्म्या संख्येने. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, अंथरुणातून उठण्याआधी, पाच सेकंद दाबण्याची ती चाचणी. आकडा तीनच्या वर गेला, तर त्या आठवड्यात कॉर्नर आणि लांब फ्री किक संघातल्या दुसऱ्या कोणाकडे द्याव्यात.